हवाई चप्पल कडक का पडते आणि दुकानात रबर कसं पारखायचं

रबरी चपलेचा तळ झिजून जाण्याआधीच बहुतेक वेळा कडक होतो, मग वाकतो तिथे चिरतो. वापरली म्हणून चप्पल फाटली असं आपण म्हणतो, पण कपाटात न वापरता ठेवलेली जोडीसुद्धा तीन-चार वर्षांनी ताठ झालेली सापडते. म्हणजे झीज वेगळी आणि रबराचं म्हातारपण वेगळं. हे म्हातारपण कशामुळे येतं ते कळलं, तर दुकानात चप्पल हातात घेतल्यावर काय बघायचं हे आपोआप ठरतं. इथे मुख्यतः साध्या हवाई चपलेबद्दल लिहिलं आहे: दोन थरांचा तळ, तीन भोकं आणि इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचा पट्टा.

तळात नेमकं काय असतं

हवाई चपलेचा तळ रबराच्या सच्छिद्र शीटमधून साच्याच्या सुरीने कापतात. शीटमध्ये झाडाच्या चिकापासून केलेलं नैसर्गिक रबर असतं, ते केरळातून येतं आणि आता थोडंफार आपल्या दोडामार्ग-सावंतवाडीकडच्या बागांतूनही. त्याच्या जोडीला ताठपणासाठी स्टायरीन असलेलं कृत्रिम रबर घालतात. मग खडूची पूड किंवा चिनी माती, थोडं तेल, गंधक, झिंक ऑक्साइड, रंग आणि गरम झाल्यावर वायू सोडणारी एक पावडर. हे सगळं मळून, लाटून, गरम प्रेसमध्ये दाबतात. प्रेस उघडली की आतला वायू फुगतो आणि शीट एकदम मोठी होऊन बाहेर येते. चांगला कारखानदार ती शीट लगेच कापत नाही. पुन्हा उष्णता देऊन आणि काही काळ पडू देऊन तिला आकसून स्थिर होऊ देतो. घाई केलेली शीट तुमच्या घरी आल्यावर आकसते, आणि मग नवी चप्पल दोन महिन्यांत टाचेला अपुरी वाटू लागते.

या सगळ्यात लवचीकपणा देणारी गोष्ट एकच, ती म्हणजे रबर. कच्च्या रबराचे लांबलचक रेणू शेवयांच्या गुंत्यासारखे एकमेकांत अडकलेले असतात. गंधक त्यांना जागोजागी गाठ मारतो. गाठी मोजक्या असल्या की ताणलेलं रबर पुन्हा जागेवर येतं. गाठी फार झाल्या की ते हलेनासं होतं. खडू आणि माती स्वस्त असतात, वजन आणि आकार देतात, पण जागेवर परत येण्याची ताकद देत नाहीत. म्हणून स्वस्त चपलेत रबर कमी आणि खडू जास्त, हे गणित सरळ आहे.

कडक कसं होतं

कारखान्यात सगळा गंधक खर्ची पडतोच असं नाही. उरलेला गंधक नंतरही हळूहळू गाठी मारत राहतो. त्यातच हवेतला ऑक्सिजन रबराच्या रेणूंवर हल्ला करतो. नुसत्या नैसर्गिक रबरात रेणू तुटून ते आधी मऊ, चिकट होतं, पण स्टायरीनवाल्या कृत्रिम रबरात नव्या गाठी पडतात आणि ते ताठ होत जातं. हवाई चपलेत दोन्ही असल्याने आपल्याला बहुधा ताठपणाच जाणवतो.

या दोन्ही गोष्टींचा वेग उष्णता ठरवते. ढोबळ हिशेब असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. सावलीत तीस अंशांवर ठेवलेल्या चपलेच्या मानाने गच्चीच्या फरशीवर साठ अंशांपर्यंत तापणारी चप्पल तेवढ्याच वेळात आठपट म्हातारी होते. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात दुपारभर अंगणात राहिलेली चप्पल आणि घरात ठेवलेली चप्पल यांच्या आयुष्यात फरक का पडतो, ते यावरून कळेल.

तिसरं कारण तेलाचं. शीट मळायला सोपी जावी आणि हाताला मऊ लागावी म्हणून तेल घालतात. ते हळूहळू पृष्ठभागावर येतं, साबणाने धुतलं जातं, उन्हात उडतं. तेल गेलं की खालचा खडू-मातीचा खरा ताठपणा उघडा पडतो. नव्या चपलेचा मऊपणा फसवा असतो तो इथे. तेल ओतूनही तळ मऊ करता येतो, जास्त वायू भरूनही करता येतो. सहा महिन्यांनी तो मऊपणा टिकेल का, हे मऊपणावरून कळत नाही. दाबलेली जागा किती चटकन आणि किती पूर्ण वर येते, यावरून कळतं.

टाचेखालचा भाग कडक होण्याला आणखी एक कारण आहे. तिथल्या छिद्रांच्या भिंती रोजच्या वजनाने दबून एकमेकींना चिकटतात. हवा निघून गेली की उरतं ते नुसतं घट्ट पातळ रबर. चप्पल उलटी धरून टाचेची जाडी आणि मधल्या कमानीची जाडी बोटांनी तोलून पाहा, फरक लगेच लागतो.

तडा कुठे पडला ते बघा, कारण कळेल

कडक होणं आणि तडकणं या जवळच्या पण वेगळ्या गोष्टी आहेत. तड्यांमागचा मोठा गुन्हेगार ओझोन. गाड्यांच्या धुरावर ऊन पडलं की जमिनीलगत तो तयार होतो, आणि विजेच्या मोटारींच्या ठिणग्यांतूनही. हवेत तो अगदी थोडा असतो, पण रबराच्या रेणूतले दुहेरी बंध तो थेट तोडतो. त्याची एक अट असते: रबर ताणलेलं हवं. सैल पडलेल्या रबरावर तो फक्त वरचा पापुद्रा खराब करतो. काही टक्के जरी ताण असला तरी तो आत घुसतो आणि ताणाच्या आडवी चीर पाडतो.

चालताना टाच उचलली जाते तेव्हा चवड्याखाली तळ वाकतो, आणि जमिनीकडची बाजू ताणली जाते. किती? समजा तळ पंधरा मिलिमीटर जाड आहे आणि वाकताना वरच्या बाजूला पाच सेंटिमीटर त्रिज्येची गोलाई होते. तळाचा मधला थर ना ताणला जातो ना दाबला जातो, त्याची त्रिज्या साडेसत्तावन्न मिलिमीटर. खालची बाजू त्याच्यापासून साडेसात मिलिमीटर लांब. साडेसात भागिले साडेसत्तावन्न, म्हणजे सुमारे 13 टक्के ताण. तळ वीस मिलिमीटर जाड घेतला तर हाच आकडा 17 टक्क्यांच्या आसपास जातो, आणि दहा मिलिमीटरला 9 टक्के. जाड तळ झिजायला जास्त दिवस लागतात हे खरं, पण त्याच वाकण्यात तो जास्त ताणला जातो आणि रबर हलक्या प्रतीचं असेल तर लवकर चिरतो. ‘जाड घ्या, टिकेल’ हा सल्ला अर्धाच बरोबर आहे.

आता एक जुनी जोडी वाचून पाहू. समजा ती दोन वर्षं पश्चिमेच्या गॅलरीत राहिली आहे. वरच्या पांढऱ्या थरावर सगळीकडे बारीक जाळीसारख्या भेगा आहेत, कुठल्याच एका दिशेने नाहीत, आणि नखाने खरवडलं की पीठ निघतं. हे उन्हाचं काम, आणि ते वरवरचं आहे. तळ उलटा केला की चवड्याखाली आडव्या, एकमेकींना समांतर चिरा दिसतात. पायाच्या रुंदीएवढ्या, दोन-तीन. या वाकण्याच्या आणि ओझोनच्या आहेत, आणि रोज थोड्या खोल जात आहेत. अंगठ्याजवळच्या भोकाभोवती सूर्यकिरणांसारख्या बाहेर जाणाऱ्या बारीक चिरा आहेत. तिथे पट्ट्याचं जाड गोल टोक भोकात दाबून बसवलेलं असतं, म्हणून भोकाची कड रात्रंदिवस ताणलेली राहते, चप्पल पायात नसली तरी. चपलेचा जीव बहुतेक वेळा इथेच जातो: एखाद्या दिवशी पट्टा भोकातून सरळ वर निघून येतो. जाळी दिसली तर चप्पल अजून चालेल. चवड्याखालची चीर जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याहून खोल गेली असेल, किंवा भोकाची चीर पुढच्या कडेला पोचत आली असेल, तर पावसाळ्यात ती पायात घालू नये.

चिरेत चिकटवायचा डिंक भरून उपयोग होत नाही. डिंक वाळून ताठ होतो, वाकताना तो ताणला जात नाही, आणि नवी चीर त्याच्या शेजारीच पडते.

दुकानात, पाच मिनिटांत

दारात टांगलेली जोडी घेऊ नका. ती दिवसभर ऊन आणि रस्त्याचा धूर खात असते, वर पट्ट्याने लटकत असल्यामुळे भोकं ताणलेली असतात. आतून, डब्यातून काढून द्यायला सांगा. जोडीतल्या दोन्ही चपला शेजारी ठेवा. एकीचा रंग उडालेला असेल, किंवा एकमेकींवर ठेवल्याची सावलीसारखी रेघ दिसत असेल, तर माल जुना आहे.

पहिल्यांदा अंगठा. टाचेच्या मध्यावर अंगठ्याचं टोक जोरात दाबा, मनात दहापर्यंत मोजा, सोडा. चांगल्या रबरात खड्डा दोन-तीन सेकंदांत जवळजवळ नाहीसा होतो. अर्ध्या मिनिटानंतरही खळगा दिसत असेल तर तळ टाचेखाली लवकर बसणार. ही चाचणी दोन-तीन वेगवेगळ्या किमतींच्या जोड्यांवर एकापाठोपाठ करा. एकाच चपलेवरून अंदाज येत नाही, तुलनेत मात्र फरक स्पष्ट दिसतो. एसीच्या थंड दुकानात सगळंच रबर जरा ताठ लागतं, हे लक्षात ठेवा.

दुसरं, वाकवणं. टाच आणि चवडा वरच्या बाजूने एकमेकांकडे आणा, म्हणजे जमिनीकडची बाजू बाहेर येईल. पायात वाकते तशीच ती वाकली पाहिजे. रंगीत तळ वाकलेल्या जागी पांढरट पडला, तर आत खडू-मातीचं प्रमाण जास्त आणि रबराशी त्याची पकड कमी आहे. बारीक केसासारखी चीर दिसली तर ती जोडी तिथेच ठेवा. चीर नसेल तर वीस-तीस सेकंद तशीच वाकवून धरा आणि सोडा. तळ सरळ सपाट झाला पाहिजे. कमान राहिली तर रबर शिळं आहे किंवा मुळातच कमी आहे.

तिसरं, कड. हवाई चपलेची बाजूची कड कापलेली असते, म्हणून आतलं पोत उघडं दिसतं. भोकं अगदी बारीक आणि सारख्या आकाराची हवीत. मधेच मोहरीएवढी पोकळी, किंवा एका बाजूला गच्च आणि दुसऱ्या बाजूला जाळीदार, असं असेल तर मळणी नीट झालेली नाही. दोन थरांच्या मधल्या रेषेत नख घालून हळूच ओढा. थर सुटता कामा नये.

वजनाचा नियम लोक फार सोपा करून सांगतात. जड म्हणजे चांगलं, असं नाही. जड आणि अंगठ्याला उसळी देणारी असेल तर रबर भरपूर आहे. जड आणि मुर्दाड असेल तर खडू भरलेला आहे. हलकी आणि उसळी देणारी असेल तर ती बहुधा रबराची नाहीच, तिच्याबद्दल पुढे सांगतो. घरी एखादी जुनी, भेग न पडलेली चप्पल पट्टा काढून बादलीत तरंगवून पाहा. तळ जाडीच्या अर्ध्यापर्यंत बुडाला तर त्याची घनता पाण्याच्या अर्धी. जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढा बुडाला तर फोम फार हलका आहे. हा आकडा चांगलं-वाईट ठरवत नाही, पण तुमच्या हाताला वजनाची सवय लावतो.

मग पट्टा. त्याचे दोन्ही हात हलकेच ताणा, मूळ लांबीच्या पाव पट इतपतच, आणि सोडा. पांढरा पडला किंवा लांबटच राहिला तर नको. पट्टा चकचकीत आणि नखाला गुळगुळीत प्लास्टिकसारखा लागत असेल तर तो बहुधा पीव्हीसीचा आहे. तो ओझोनने चिरत नाही, पण त्यातला मऊ करणारा द्रव उडून गेला की कडक होऊन पायाला घासतो. चप्पल उलटी करून पुढचं भोक बघा. भोकापासून पुढच्या कडेपर्यंत निदान बोटाच्या रुंदीएवढं रबर हवं, आणि पट्ट्याचं गोल टोक खळग्यात पूर्ण आत बसलेलं हवं. बाहेर डोकावणारं टोक आधी झिजतं आणि तुटतं.

वासाबद्दल थोडंसं. नव्या रबराला गंधकाचा मंद वास येतोच. वायू सोडणाऱ्या पावडरीचा मासळीसारखा वास काही प्रकारांत येतो, तो मोकळ्या हवेत दोन दिवसांत जातो. रॉकेलसारखा उग्र वास मात्र जास्त तेलाची शंका देतो. काळ्या तळाला जुन्या टायरचा वास आणि हाताला काळं लागत असेल, तर टाकाऊ रबर दळून पुन्हा वापरलेलं असू शकतं. ते दळलेलं रबर एकदा म्हातारं झालेलंच असतं.

तळावर पांढरी भुकटी दिसली तर घाबरू नका, पुसून बघा. शीट चिकटू नये म्हणून लावलेली पावडर एकदा पुसली की संपते. पुसल्यावर काही दिवसांनी परत येणारा मेणचट थर मुद्दाम घातलेल्या मेणाचा असू शकतो. ते मेण वर येऊन ओझोनला अडवतं. ते घासून धुवू नये.

पांढरी की काळी

रबराला ओझोनपासून वाचवणारी सर्वांत प्रभावी रसायनं रबरावर तपकिरी डाग पाडतात. त्यामुळे ती पांढऱ्या किंवा फिक्या रंगाच्या तळात घालता येत नाहीत. डाग न पाडणारी रसायनं ऑक्सिजनला बरी रोखतात, ओझोनला नाही. मेण मदत करतं, पण चालताना तळ सतत वाकतो तिथे मेणाचा पापुद्रा तुटतो. शिवाय काळ्या रबरात काजळी घातली असेल तर ती अतिनील किरणं शोषून घेते. तेव्हा ज्यांची चप्पल बाहेर उन्हात राहणार आहे, शेतात, बांधकामावर, गच्चीवर, त्यांनी गडद तळ घ्यावा. घरात घालायला पांढरा चालेल.

रबर म्हणून विकली जाणारी, पण रबर नसलेली

आजकाल दुकानात ‘रबरी’ म्हणून हातात येणारी बरीचशी हलकी चप्पल ईव्हीए नावाच्या प्लास्टिकच्या फोमची असते. ती बहुधा साच्यात ओतलेली असते, म्हणून कापलेली कड दिसत नाही, सगळीकडे एकसंध कातडी असते. ओल्या फरशीवर ती रबरापेक्षा जास्त घसरते, हे न्हाणीघरासाठी घेताना लक्षात असू द्या. तिच्या रेणूत ओझोनला हवे ते दुहेरी बंध नसतात, त्यामुळे भोकाजवळच्या किरणांसारख्या चिरा तिला पडत नाहीत. तिचं दुखणं वेगळं: टाच लवकर सपाट होते, आणि बंद मोटारीत किंवा तापलेल्या पत्र्यावर राहिली तर आकसून एक नंबर लहान होते. पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन या प्लास्टिकच्या फोमचा तळ पायाला छान लागतो, पण हवेतला ओलावा त्याचे रेणू तोडतो. कोकणात किंवा मुंबईत डब्यात जपून ठेवलेली पीयूची चप्पल काही वर्षांनी बाहेर काढली की पहिल्याच पावलाला भुगा होते, ती याचमुळे. ठेवणीतली चप्पल म्हणून पीयू घेऊ नये.

छाप आणि तारीख

रबरी हवाई चपलेसाठी भारतीय मानक आहे: IS 10702. डब्यावर किंवा चपलेवर आयएसआयची खूण असेल तर खाली CM/L ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. फोनवरच्या भारतीय मानक ब्युरोच्या BIS Care अॅपमध्ये तो टाकला की परवाना कुणाचा आणि कुठल्या मालासाठी आहे ते दिसतं. मालाचं वर्णन हवाई चपलेचं नसेल तर खूण उसनी आहे. खूण असली तरी अंगठ्याची चाचणी सोडू नका. परवाना खरा असला, तरी तुमच्या हातातली जोडी दुकानात तीन उन्हाळे पडून असू शकते. त्यासाठी डब्यावरचा उत्पादनाचा महिना आणि वर्ष वाचा. वर्षाच्या आतली जोडी घ्या, आणि ‘सेल’मध्ये स्वस्त मिळाली म्हणून चार जोड्या साठवू नका. त्या डब्यातही म्हाताऱ्या होतच राहतात.

घरी आणल्यावर

धुतलेली चप्पल सावलीत, सपाट वाळत घाला. भिंतीला टेकवून वाकलेली किंवा खिळ्याला पट्ट्याने टांगलेली नको, कारण दोन्हीत रबर ताणलेलं राहतं. साध्या साबणाने धुवा. रॉकेल, पेट्रोल, थिनर यांनी डांबर निघतं खरं, पण ते रबरात मुरून त्याला फुगवतात आणि उडून जाताना आतलं तेल आणि मेण घेऊन जातात. कडक झालेल्या चपलेला खोबरेल लावायची पद्धत आहे. त्याने दोन दिवस मऊ लागते, पण नैसर्गिक रबर तेलात फुगतं आणि दुबळं होतं, शिवाय घसरण्याची भीती वेगळीच. पडलेल्या गाठी तेलाने सुटत नाहीत.

दुसरी जोडी ठेवायचीच असेल तर पट्ट्यावर वजन न येता, एकमेकींवर न दाबता, कागदात गुंडाळून सर्वांत खालच्या, गार, अंधाऱ्या खणात ठेवा. पाण्याच्या मोटारीच्या किंवा इन्व्हर्टरच्या शेजारच्या कप्प्यात नको. आणि सहा महिन्यांनी बाहेर काढून भोकांच्या कडा एकदा वाकवून बघा, चिरांची सुरुवात तिथूनच होते.